दुधाचा दर सत्तावीसवरच का अडतो?

संगमनेर, अकोले, राहुरी या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात सकाळी सहा-साडेसहाला संकलन केंद्रावर गेलात, तर एकच दृश्य दिसतं. कॅन घेऊन माणसं रांगेत उभी असतात. केंद्रचालक नमुना मशीनमध्ये घालतो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ, पडद्यावर येतं, दूध टाकीत ओततो आणि चिठ्ठी हातात देतो. त्या चिठ्ठीवर दर छापलेला असतो. शेतकरी तो वाचतो, खिशात घालतो आणि गाडीला किक मारतो. घासाघीस होत नाही. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर पाच मिनिटं हुज्जत घालणारा तोच माणूस इथे तोंड उघडत नाही, कारण समोर बसलेल्या केंद्रचालकाच्या हातात दर नसतोच. दर डेअरीच्या कार्यालयातून मेसेजवर आलेला असतो, एक तारखेपासून किंवा अकरा तारखेपासून लागू.

माझं लहानपण अशाच चिठ्ठ्या मोजण्यात गेलं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार यायचा आणि आई त्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून हिशेब जुळवायची. पुढे शेती अर्थशास्त्र शिकलो तेव्हा कळलं, की आई ज्या दराला ‘त्यांच्या मनात येईल तो दर’ म्हणायची, तो मनात येईल तसा ठरलेला नसतो. त्यामागे पक्कं गणित असतं. ते गणित एकदा समजलं, की दुधाचे बरेच वाद वेगळे दिसायला लागतात. म्हणून ते इथे शक्य तितकं सोपं करून मांडतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘शहरात दूध छप्पन रुपयांना विकतात आणि शेतकऱ्याला सत्तावीस देतात, म्हणजे मधले एकोणतीस रुपये डेअरीने खाल्ले,’ असं भाषणात म्हणतात. हा पुरावा नाही. दूध गावातून थंड करून न्यायचं, पाश्चराइज करायचं, पिशवीत भरायचं, रात्रीतून मुंबई-पुण्याला पोचवायचं आणि वितरकाला, दुकानदाराला कमिशन द्यायचं, या सगळ्याला खरा खर्च येतो. दरातल्या फरकात खर्चही आहे आणि नफाही आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हे सगळे खर्च आणि गुंतवणुकीवरचा रास्त परतावा वजा केल्यावर डेअरीला दूध जितक्या रुपयांना परवडतं, तितका दर ती देते का? देत नसेल, तर तिला वर न्यायला भाग पाडणारं कुणी का नाही?

आपण एक काल्पनिक खोरं घेऊ. आकडे माझे आहेत, हिशेबाला सोपे पडतील असे निवडलेले. खोऱ्यात पंधरा-वीस गावं आणि दूध घेणारी एकच डेअरी. सगळे खर्च आणि रास्त परतावा वजा जाता एक लिटर गाईचं दूध या डेअरीला 36 रुपयांना परवडतं. म्हणजे 36 पर्यंत दर दिला तरी तिचं नुकसान नाही.

आता शेतकऱ्यांची बाजू. प्रत्येकाचा खर्च सारखा नसतो. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, घरचा घास आणि मका आहे, घरचीच माणसं राबतात, त्याला वीस-बावीस रुपयांतही धार काढणं परवडतं. ज्याला मुरघास विकत घ्यावा लागतो, गडी ठेवावा लागतो, त्याला एकतीस-बत्तीस मिळाल्याशिवाय गाय बांधण्यात अर्थ नाही. त्यामुळे दर वाढला की दूध वाढतं. कुणी आणखी एक गाय आणतं, कुणी पेंड वाढवतं, कुणी गोठा मोडायचं पुढे ढकलतं. समजा दर 26 असेल तर खोऱ्यातून दिवसाला 8,000 लिटर दूध येतं, 27 ला 9,000, 28 ला 10,000, 30 ला 12,000. दर रुपयामागे हजार लिटर.

डेअरीचा मालक कागद-पेन घेऊन बसला आहे असं समजा. 26 रुपये दर दिला तर लिटरमागे दहा रुपये सुटतात आणि 8,000 लिटरवर दिवसाचे 80,000 होतात. 27 दिला तर लिटरमागे नऊच सुटतात, पण दूध 9,000 लिटर, म्हणून 81,000. 28 दिला तर आठ रुपये आणि 10,000 लिटर, पुन्हा 80,000. 30 ला फक्त 72,000. तो 27 वर बोट ठेवतो. त्याने कुणाला फसवलं नाही, काट्यात पाप केलं नाही, कुणाशी संगनमत केलं नाही. फक्त स्वतःच्या फायद्याचा आकडा निवडला.

पण या हिशेबात एक गोष्ट दडली आहे, आणि सगळा विषय तिच्याभोवती फिरतो. 27 ला दूध घेऊन 36 ला परवडत असेल, तर आणखी हजार लिटर घेतल्यास प्रत्येक लिटरवर फायदाच व्हायला हवा. मग तो 28 का देत नाही? कारण तो एक रुपया फक्त नव्या हजार लिटरला देऊन भागत नाही. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना तोच दर द्यावा लागतो. 27 ला 9,000 लिटरचे 2,43,000 रुपये जात होते. 28 ला 10,000 लिटरचे 2,80,000 जातील. म्हणजे हजार लिटर जास्तीचं दूध मिळवायला 37,000 रुपये जास्त मोजावे लागले. चिठ्ठीवर दर 28 दिसतो, पण मालकाला ते वाढीव दूध 37 रुपये लिटरने पडलं. त्याला परवडतं 36 ला. म्हणून तो थांबतो.

एकच खरेदीदार असला की असं होतं. जुन्या दुधाचा दर चढण्याची भीती नव्या दुधाच्या आड येते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मोनोप्सनी किंवा क्रेता एकाधिकार म्हणतात. एकच विक्रेता असला की तो माल कमी विकून भाव चढवतो, हे आपल्याला माहीत असतं. हे त्याचंच उलट रूप आहे. एकच खरेदीदार माल कमी घेऊन भाव पाडतो. ‘कमी घेऊन’ या शब्दांकडे लक्ष द्या, कारण चर्चेत ते हमखास सुटतात. 27 दर राहिल्याने ज्यांचा खर्च 29, 31, 34 आहे त्यांच्या गाई बाजारात गेल्या. तो दर त्यांना मिळू शकला असता आणि डेअरीलाही परवडला असता, पण ते दूध निघालंच नाही. तो तोटा कुणाच्याच खिशात जात नाही, नुसता होतो.

आता त्याच खोऱ्यात दुसरी डेअरी आली असं समजा. पहिलीने दर दाबून ठेवला तर दूध दुसरीकडे जाईल. प्रत्येक डेअरीला आता सगळ्या खोऱ्याची नाही, फक्त आपल्या वाट्याच्या दुधाचा दर चढण्याची भीती उरते. दोघी खरोखर स्वतंत्रपणे आपापला फायदा बघत असतील, तर आपल्या आकड्यांत दर 30 वर येऊन टेकतो आणि दूध 12,000 लिटर होतं. पाच डेअऱ्या असतील तर दर 33 आणि दूध 15,000 लिटर. खूप असतील तर 36 च्या अगदी जवळ. खरेदीदार एकावरून दोन झाले तेव्हा दर तीन रुपयांनी वाढला, आणि पुढचे तीन रुपये वाढायला आणखी तीन डेअऱ्या यायला लागल्या. म्हणून एखाद्या भागात दोनाच्या ऐवजी एकच डेअरी उरते, किंवा एक दुसरीला विकत घेते, तेव्हा शेतकऱ्याला ते लगेच जाणवतं. आणि त्या दोघींनी आपसात ठरवून एकाच तारखेला एकच दर लावला, तर दोन असूनही नसल्यासारख्या. दर पुन्हा 27.

इथे कुणी म्हणेल, महाराष्ट्रात डेअऱ्या काय कमी आहेत? टँकर तर रस्त्याला रांगेने दिसतात. खरं आहे. पण स्पर्धा राज्यात किती डेअऱ्या आहेत यावर ठरत नाही. तुमच्या गोठ्यापासून तुम्ही दूध नेऊ शकता तेवढ्या अंतरात किती आहेत, यावर ठरते. आणि दुधाचं अंतर फार लहान असतं.

कांदा चाळीत ठेवता येतो. सोयाबीन पोत्यात भरून दिवाळीनंतर विकता येतं. काढलेलं दूध उन्हाळ्यात थंड केलं नाही तर चार-पाच तासांत नासायला लागतं, आणि संध्याकाळी पुन्हा धार असते. आज दर पडला म्हणून गाय आज दूध द्यायची थांबत नाही, आणि नाही काढलं तर तिच्या कासेला दुखणं येतं. त्यामुळे थोड्या काळात शेतकरी दराला प्रतिसादच देऊ शकत नाही. खरेदीदाराचं बळ नेमकं यावरच मोजतात. दर पाडल्यावर किती दूध निसटून जाईल? निसटणारं दूध जितकं कमी, तितका दर जास्त पाडता येतो. माझ्या खोऱ्यात एका रुपयाला हजार लिटर निसटत होतं. ते पाचशेच असतं, तर मालकाचं बोट 27 च्याही बरंच खाली गेलं असतं.

अंतराचा हिशेब आणखी बोचरा आहे. समजा बारा किलोमीटरवरच्या गावात दुसऱ्या डेअरीचं केंद्र आहे आणि तिथे लिटरला दोन रुपये जास्त मिळतात. तुमच्याकडे एका वेळचं पंधरा लिटर दूध आहे, म्हणजे जास्तीचे मिळणार तीस रुपये. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटरला मोटारसायकलला अर्धा लिटर पेट्रोल लागतं, पन्नासच्या आसपास रुपये. हे सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. कुणी जाणार नाही. म्हणजे गावातलं केंद्र दोन-तीन रुपये कमी देऊनही निश्चिंत राहू शकतं. पाच हजार लिटरवाल्याला त्या डेअरीचा टँकर दारात बोलावता येतो. पंधरा लिटरवाल्याला नाही. म्हणूनच मोठ्या गोठेवाल्याला मिळणारा दर आणि चिल्लर दुधाचा दर बहुतेक वेगळा असतो, आणि त्यामागचं कारण दुधाच्या प्रतीत कमी, पर्यायात जास्त असतं.

उलट बाजूने नव्या डेअरीचीही अडचण असते. तिने एका गावात केंद्र टाकलं आणि दोनशेच लिटर दूध मिळालं, तर बल्क कूलरची वीज आणि टँकरचं डिझेल अंगावर येतं. पूर्ण मार्गावर दूध मिळालं तरच मार्ग परवडतो. जुन्या डेअरीला हे ठाऊक असतं. नवी गाडी दिसली की ती त्याच मार्गावर दीड-दोन महिने दर वाढवते, गाडी बंद पडली की पुन्हा खाली आणते. आमच्या भागात मी हे दोनदा पाहिलं. शेजारच्या दोन गावांत एकाच डेअरीचे दोन दर होते, आणि फरक एवढाच होता की एका गावात प्रतिस्पर्ध्याची गाडी यायची.

आणि मग उचल. म्हैस किंवा गाय घ्यायला केंद्रचालकाकडून पैसे उचललेले असतात, पशुखाद्याची पोती उधारीवर आलेली असतात, सगळं पगारातून कापून जातं. उचल फिटेपर्यंत दूध त्याच केंद्रावर घालायचं हे न लिहिलेलं कलम. अडीअडचणीला तोच पैसा कामी येतो, हेही तितकंच खरं. बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याला केंद्रचालक पंचवीस हजार हातावर ठेवतो. पण या उचलीमुळे नकाशावर दोन डेअऱ्या असलेल्या गावातही त्या शेतकऱ्यापुरती एकच डेअरी उरते.

ही गोष्ट आजची नाही, आणि ती सरकारी कागदावरूनही घडलेली आहे. 1945 साली मुंबई सरकारने शहराला दूध पुरवण्यासाठी योजना काढली. दूध खेडा जिल्ह्यातून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्याच आणंद भागातून आणायचं ठरलं. पाश्चराइज करून रेल्वेने मुंबईला धाडण्याचं काम पोल्सन डेअरीला दिलं, आणि त्या भागातलं दूध खरेदी करायचा हक्कही तिलाच. मुंबईत दुधाला चांगला पैसा येत होता, पण खेड्यातल्या शेतकऱ्याला ठेकेदारांमार्फत मिळणारा दर काही वाढेना. आपल्या काल्पनिक खोऱ्यातलं गणित तिथे प्रत्यक्षात चालू होतं. फरक एवढाच की दुसरी डेअरी येऊ नये याची तजवीज सरकारनेच केली होती.

शेतकरी सल्ल्यासाठी सरदार पटेलांकडे गेले. 4 जानेवारी 1946 रोजी समरखा गावात मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि ठरलं, गावोगावी सोसायट्या काढायच्या, त्यांचा संघ करायचा आणि सरकारने दूध घ्यायचं तर संघाकडूनच घ्यायचं. सरकारने नकार दिला. मग पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध गेलं नाही. शेवटी सरकार नमलं. 14 डिसेंबर 1946 ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष होते. पुढे हाच संघ अमूल या नावाने घरोघरी पोचला.

या कथेतला संप सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्यातलं अर्थशास्त्र जास्त महत्त्वाचं वाटतं. संपाने दर वाढू शकतो, पण खरेदीदार तोच राहिला तर वर्षभरात दर परत 27 कडे सरकतो, कारण त्याच्या कागदावरचं गणित बदललेलं नसतं. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी ते गणितच बदललं. डेअरी त्यांची स्वतःची झाली. मालक तेच आणि दूध घालणारेही तेच, म्हणून 27 वर थांबून नऊ रुपये वाचवण्यात कुणाचाच फायदा नाही. वाचलेले पैसे वर्षाअखेरीस फरक म्हणून परत गोठ्यातच येणार. कोल्हापूर भागात दिवाळीच्या आधी दूध फरकाची वाट का बघतात, ते यावरून कळावं. 1963 साली सुरू झालेल्या गोकुळमुळे तिथल्या खासगी डेअऱ्यांनाही दर फार पाडता येत नाही. दूध सरळ सोसायटीत जाईल हे त्यांना माहीत असतं. चांगला संघ आपल्या सभासदांपुरताच उपयोगी पडतो असं नाही, तो सगळ्या भागाला एक मोजपट्टी देतो.

पण यात एक अट आहे. संघाचा खर्च आटोक्यात हवा. नातेवाइकांची भरती, गरज नसलेली गाड्यांची कंत्राटं, निवडणुकीचा खर्च, हे सगळं वजा होत गेलं तर 36 ऐवजी संघालाच दूध 29 ला परवडायला लागतं. मग मालकी शेतकऱ्याची असूनही दर पडलेलाच. महाराष्ट्रातले कित्येक तालुका संघ असेच खंगले आणि त्यांची जागा खासगी डेअऱ्यांनी घेतली. सहकार बुडाला तेव्हा लोकांना वाटलं एक अकार्यक्षम संस्था गेली. प्रत्यक्षात त्याबरोबर मोजपट्टीही गेली.

कायद्यानेही कधी स्पर्धेला मदत केली, कधी अडवलं. 1991 ला दूध प्रक्रियेचा परवाना खुला झाला, आणि लगेच 1992 च्या दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेशाने डेअऱ्यांना दूध गोळा करण्याचे भाग नेमून दिले. एकाच्या भागात दुसऱ्याने शिरायचं नाही. हेतू हा की उभारलेल्या प्रकल्पाला दूध कमी पडू नये. परिणाम काय होणार, ते आपल्या गणितावरून ओळखता येईल. भागांची ही अट 2002 मध्ये काढून टाकली.

आता आपल्याकडच्या अलीकडच्या घडामोडी. सरकार किमान दर ठरवतं तेव्हा नेमकं काय होतं? साधारण शिकवण अशी असते, की सरकारने दर वर बांधला की खरेदी घटते आणि माल पडून राहतो. एकच खरेदीदार असलेल्या बाजारात मात्र उलट होऊ शकतं, आणि ते का, हे आपण आता सांगू शकतो. समजा आपल्या खोऱ्यात 31 च्या खाली घ्यायचं नाही असा नियम झाला. डेअरीला आता जुन्या दुधाला 31 द्यावेच लागतात, तेव्हा नवं दूध नाकारून काहीच वाचत नाही. वाढीव लिटर तिला 37 ला नाही, सरळ 31 ला पडतो. परवडतं 36 ला. म्हणून ती येईल तेवढं, म्हणजे 13,000 लिटर दूध घेते. दरही वाढला आणि खरेदीही. मात्र हे 36 पर्यंतच. किमान दर 38 ठरवला तर डेअरी खरेदीच थांबवेल. म्हणून ‘किमान दर द्या’ आणि ‘किमान दराने बाजार बिघडतो’ ही दोन्ही वाक्यं अर्धी आहेत. डेअरीला खरोखर काय परवडतं हा आकडा कळल्याशिवाय दोन्हींचा उपयोग नाही, आणि तो आकडा डेअरीच्या वहीत असतो. शिवाय तो स्थिर नसतो. आपल्याकडचं बरंच जास्तीचं दूध पावडर आणि बटरमध्ये जातं, त्यामुळे पावडरचा भाव पडला की 36 चे खरोखरच 31 होतात.

शिवाय किमान दरातून सुटायची पळवाट चिठ्ठीतच आहे. गाईच्या दुधाचा जाहीर दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या प्रतीसाठी असतो. त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात होते, तिला रिव्हर्स म्हणतात. समजा दर 34 आहे आणि तुमच्या दुधाचं एसएनएफ 8.2 लागलं, तीन पॉइंट कमी. कपात पॉइंटला तीस पैसे असेल तर हातात 33 रुपये 10 पैसे येतील. कपात एक रुपया केली तर 31. दर 34 चा 34 च राहिला, कायदा मोडला नाही, आणि तीन रुपये गेले. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने 34 रुपये दर जाहीर केला, तेव्हा शेतकरी संघटनांची मुख्य तक्रार रिव्हर्सबद्दलच होती. ज्याला किमान दर बांधायचा आहे त्याने कपातीचा तक्ताही बांधला पाहिजे आणि मशीन कोण तपासणार हेही ठरवलं पाहिजे. नाहीतर तो दर फक्त बातमीत राहतो.

अनुदानाचंही तसंच. 2024 च्या जानेवारीत सरकारने लिटरला पाच रुपये अनुदान दिलं, अट अशी की डेअरीने 27 द्यावेत. जुलैपासून डेअरीचे 30 आणि सरकारचे 5. ऑक्टोबरपासून डेअरीचे 28 आणि सरकारचे 7. बेरीज करून बघा. जुलैतही 35, ऑक्टोबरातही 35. अनुदान दोन रुपयांनी वाढलं, शेतकऱ्याच्या खात्यात एक पैसाही वाढला नाही, आणि डेअरीचा दर दोन रुपयांनी हलका झाला. पावडरचे भाव पडले होते हे कारण दिलं गेलं, आणि ते पडले होतेही. तरीही सरकारी पैसा नेमका कुणाकडे जातो हे खरेदीदार किती आहेत यावर ठरतं, हे या दोन ओळींच्या बेरजेइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेलं नाही. पाच डेअऱ्या दुधासाठी धावत असत्या, तर ते दोन रुपये गोठ्यापर्यंत गेले असते.

मग आपल्या भागात दर पडला आहे तो खरोखर मंदीमुळे की खरेदीदाराच्या बळामुळे, हे कसं ओळखायचं? मला सगळ्यात उपयोगी वाटणारी खूण अशी आहे. खरी मंदी असेल, पावडर पडून असेल, तर डेअरीला दूध नकोसं होतं. केंद्राला सुट्टी देतात, संध्याकाळचं दूध घेत नाहीत, कोटा लावतात. खरेदीदाराचं बळ असेल तर नेमकं उलटं असतं. केंद्रचालक फोन करून म्हणतो, ‘दादा, दूध वाढवा, आणखी एक गाय घ्या, उचल देतो,’ पण दर मात्र वाढवत नाही. आपलं गणित आठवा. 27 दरात मिळालेला प्रत्येक जास्तीचा लिटर त्याला नऊ रुपये मिळवून देतो, म्हणून 27 ला त्याला कितीही दूध हवंच असतं. हवं आहे पण दर नाही, ही मोनोप्सनीची सही आहे.

दुसरी खूण वेळेची. पावडर उतरल्याची बातमी आली की चिठ्ठीवरचा दर पुढच्याच अकरा तारखेला खाली येतो. पावडर चढली की मात्र महिना-दीड महिना ‘बघू, मार्केट स्थिर होऊ दे’. स्पर्धा असती तर चढलेल्या दिवशीच कुणीतरी एक रुपया वाढवून दूध ओढलं असतं. तिसरी खूण पाहायला एक सकाळ पुरते. एकाच तालुक्यात, एकाच दिवशी, ज्या गावात तीन गाड्या येतात तिथला दर आणि जिथे एकच येते तिथला दर, त्याच फॅट-एसएनएफला, शेजारी शेजारी लिहून काढा. दूध तेच, पावडरचा बाजार तोच, शहरही तेच. जो फरक उरेल, तो गाड्यांच्या संख्येचा.

आईच्या दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्या अजून घरी आहेत. मागच्या वर्षी मी त्यांतल्या एका उन्हाळ्यातल्या दहा दिवसांच्या घेतल्या आणि शेजारच्या गावात राहणाऱ्या मावशीच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिल्या. त्यांच्या गावात तेव्हा सोसायटीचं केंद्र चालू होतं, आमच्याकडचं बंद पडलेलं. गाई एकाच जातीच्या, फॅट जवळपास सारखं, अंतर सात किलोमीटर. दहाही दिवस मावशीचा दर आमच्यापेक्षा लिटरला सव्वा ते दीड रुपयांनी जास्त होता.